काहीच राहिलेले नाही तेव्हा काय लिहायचे? जैनथमधला एक दिवस

पहाटे ५:३०

डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत आदिलाबाद जिल्ह्यात थंडी अंगात शिरते. चुलीजवळ बसून मी मोबाईलवर आलेला मजकूर वाचते आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेतल्या विद्यापीठांना पदवीसाठी अर्ज करते आहे. दहावीपर्यंत ती आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमात शिकली आणि आता आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज ३१ डिसेंबर २०२५, बुधवार. तिने निवडलेल्या कॉलेजांची तारीख १ जानेवारी आहे. कॉमन ॲप या एकत्रित अर्जात ही मुदत अर्ज भरणाऱ्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ पर्यंत धरतात. म्हणजे आजचा दिवस आणि उद्याचा दिवस हातात आहे. उद्या घाई नको म्हणून अर्ज आजच पाठवायचे आम्ही ठरवले आहे.

सगळे भरून झाले आहे. ६५० शब्दांचा मुख्य निबंध झाला, उपक्रमांची यादी झाली, शिफारसपत्रे गेली. एकच चौकट उरली आहे, तिचे नाव ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’. आधी विचारतात, आणखी काही सांगायचे आहे का? हो म्हटले तरच चौकट उघडते. पूर्वी तिथे ६५० शब्द मावत. २०२५-२६ च्या अर्जापासून मर्यादा ३०० शब्दांवर आणली आहे. ही चौकट ऐच्छिक आहे.

तिचा निरोप असा आहे : “मॅडम, माझं काहीच राहिलं नाही. पण रिकामं सोडलं तर आळशी वाटेन का? तीन मसुदे पाठवते. कोणता टाकू?”

सकाळी ७:००

तिन्ही मसुदे मी कागदावर उतरवून घेतले. मोबाईलवर वाचताना वाक्य सरकत जाते आणि त्यात काय नाही ते दिसत नाही.

पहिला मसुदा जैनथच्या लक्ष्मीनारायण मंदिराबद्दल आहे. काळ्या दगडाचे हे मंदिर आमच्या गावाची ओळख आहे आणि वर्षातल्या ठरावीक दिवसांत सूर्याची किरणे गाभाऱ्यात मूर्तीच्या पायांवर पडतात. हे तिने सुंदर लिहिले आहे. पण त्यात ती स्वतः कुठेच नाही. जैनथचा कोणताही मुलगा हा मजकूर आपल्या नावाने पाठवू शकला असता. अर्ज वाचणाऱ्याला मंदिराविषयी कळेल, अर्जदाराविषयी काही कळणार नाही. हा मसुदा बाजूला.

दुसरा मसुदा इंटरच्या पहिल्या वर्षाच्या गुणांचा आहे. एमपीसी गटाला पहिल्या वर्षी एकूण ४७० गुण असतात आणि तिला ४५२ मिळाले. भौतिकशास्त्रात ६० पैकी ५६ का पडले, परीक्षेच्या आदल्या रात्री ताप कसा होता, हे तिने दीडशे शब्दांत सांगितले आहे. ताप खरा होता, मला माहीत आहे. पण ५६ गुणांचा कोणी जाब विचारलेला नाही. जिथे वाचणाऱ्याला खड्डा दिसतच नाही तिथे आपण बोट दाखवले, तर तो खड्डा शोधू लागतो. गुण खरेच घसरले असते, वर्ष वाया गेले असते, विषय मध्येच सोडावा लागला असता, तर दोन-चार सरळ वाक्यांत सांगणे योग्य ठरले असते. इथे ते नको.

तिसरा मसुदा म्हणजे प्रमाणपत्रांची पुरवणी. उपक्रमांसाठी दहा आणि सन्मानांसाठी पाच जागा असतात. दहा जागांत जे बसले नाही ते तिने इथे ओतले आहे : सातवीतली चित्रकला, आठवीतले निबंधलेखन, प्रजासत्ताक दिनाचे सूत्रसंचालन. ज्या गोष्टी पहिल्या दहांत आल्या नाहीत त्या अकराव्या ते अठराव्या क्रमांकावर येऊन अर्ज मजबूत करत नाहीत. उलट पहिल्या दहांचे वजन कमी होते.

तिन्ही मसुद्यांची अडचण एकच आहे. चौकट आहे म्हणून मजकूर शोधला आहे. आधी मजकूर सापडावा आणि मग त्याला जागा शोधावी लागावी, असे इथे झालेले नाही. तिला उत्तर पाठवले : “तिन्ही नको. रिकामे ठेवायचे की नाही ते अजून ठरवू नकोस. दुपारी सांगते. संपूर्ण अर्जाची पीडीएफ पाठव.”

सकाळी ८:३०

दहावीच्या मुलांचा जादा तास. मार्चमधल्या परीक्षेची तयारी चालू आहे. फळ्यावर निबंधाचे मुद्दे लिहिताना एक मुलगी विचारते, “मॅडम, ऐच्छिक प्रश्न सोडला तर मार्क कापतात का?” मी सांगते, आपल्या परीक्षेत सोडलेल्या प्रश्नाचे गुण मिळत नाहीत, म्हणून आपल्याला प्रत्येक रिकामी जागा भरायची सवय लागते.

अर्जाच्या चौकटीला गुण नसतात. ती कोरी ठेवल्याबद्दल काही कमी होत नाही. वाचणाऱ्याला मात्र एका दिवसात ढीगभर अर्ज वाचायचे असतात. आपण दिलेला प्रत्येक शब्द तो वाचतो आणि त्या बदल्यात त्याला काहीतरी नवे कळावे अशी त्याची अपेक्षा असते.

मात्र ऐच्छिक म्हटलेल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. काही विद्यापीठे स्वतःचे छोटे ऐच्छिक प्रश्न विचारतात. ड्यूक विद्यापीठ असे प्रश्न देते आणि २५० शब्दांपर्यंत उत्तर मागते. तिथे समोरच्याने विषय दिला आहे, एक ठरावीक गोष्ट विचारली आहे. त्यावर तुमच्याकडे खरे उत्तर असेल तर ते द्यावे. ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’मध्ये कोणी विषय देत नाही. तिथे प्रश्नही आपणच ठरवायचा असतो, म्हणून तिथे जास्त घसरायला होते.

सकाळी ११:००

दोन तासांच्या मधल्या वेळेत हैदराबादहून फोन. माझा आणखी एक जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर, एमबीएसाठी अर्ज करतो आहे. दुसऱ्या फेरीच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहेत. त्यालाही ऐच्छिक निबंधाने घेरले आहे. “मॅडम, नेतृत्वावर एक चांगली गोष्ट आहे. टाकू का?”

मी त्याला प्रश्नच वाचून दाखवायला सांगितला. एमबीएच्या अर्जांत ही जागा कशासाठी आहे ते बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. व्हार्टनच्या अर्जात तर उदाहरणेच दिलेली असतात : नोकरीतला न समजणारा खंड, शिफारस देणाऱ्याची निवड, अभ्यासातली विसंगत कामगिरी, कच्चा दुवा. इतरत्र न आलेले आणखी काही सांगायचे असेल तर तेही चालते.

मग एकेक विचारले. खंड? नाही. शिफारस कोणाची? सध्याच्या साहेबांचीच. ते साहेब सोडून दुसऱ्या कोणाची असती तर का, हे दोन वाक्यांत सांगावे लागले असते. गुण? आठही सत्रांत सारखे. ती नेतृत्वाची गोष्ट दुसऱ्या निबंधात आली आहे का? “आली आहे, पण थोडक्यात.” मग ती तिथेच वाढव. ऐच्छिक जागा ही मुख्य निबंधाची उरलेली पाने नव्हे. त्याने विचारले, “म्हणजे कोरी?” हो, कोरी. त्याचा अर्ज वाचून कुठेही चुकीचा समज होत नाही. त्याच्या बाबतीत कोरी चौकट हेच बरोबर उत्तर आहे.

दुपारी १:००

मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांना एक काम सांगितले. ते खम्मम जिल्ह्यातले, बदलीने आमच्याकडे आलेले. तेलुगू त्यांची, हिंदी कामापुरती, मराठी समजते पण बोलत नाहीत. आमच्या भागाशी त्यांचे नाते नवे आहे आणि ती मुलगी त्यांना माहीत नाही. तिच्या अर्जाची पीडीएफ त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, चांगले-वाईट सांगू नका. वाचून झाल्यावर ही मुलगी कोण आहे ते मला तुमच्या शब्दांत सांगा, आणि जिथे अडखळाल तिथे खूण करा.

अर्जात काही उरले आहे का हे अर्जदाराला स्वतःला कळत नाही, कारण तिच्या डोक्यात सगळे संदर्भ आधीच असतात. आम्हा जैनथच्या माणसांनाही कळत नाही, कारण तेच संदर्भ आमच्याही डोक्यात असतात. त्यासाठी त्रयस्थ लागतो. त्यालाही “कसे वाटले?” असे विचारून उपयोग नसतो, कारण तो “छान” म्हणतो. त्याला काय समजले ते विचारावे लागते.

सरांनी वाचले. मुख्य निबंध त्यांना नीट समजला. त्यात ती शेतातल्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी कशी मोजते, वहीत कशी लिहिते आणि पैनगंगेला पूर येऊन गेल्यावर आकडे कसे बदलतात, हे आहे. पुढे तिला पाण्याचा अभ्यास करायचा आहे. गुण समजले. मग उपक्रमांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर त्यांनी पेन्सिल थांबवली.

एका उपक्रमाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे मिळतात. तिने लिहिले होते : शेजाऱ्यांना सरकारी कागद वाचून दाखवते, तेलुगूचे मराठी करते, फॉर्म भरते. आठवड्याला ४ तास.

सर म्हणाले, “मॅडम, ये लोग तेलंगाणा के ही हैं ना? फिर तेलुगू कागज का मराठी किसको लगता? बाहर से आए हुए मजूर हैं क्या?”

मी काही क्षण त्या ओळीकडे पाहत राहिले. आम्हाला ती ओळ पूर्ण वाटत होती. याच राज्यातल्या, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला ती अपुरी वाटली, इतकेच नव्हे तर उलटी समजली. मग बोस्टनमध्ये किंवा नॉर्थ कॅरोलिनात बसलेल्या माणसाला काय समजेल? त्याला वाटेल की ही मुलगी भाषेच्या आवडीपोटी स्थलांतरितांना मदत करते, छान छंद आहे. प्रत्यक्षात हा छंद नाही, आणि ज्यांचे कागद ती वाचते ते कोणीही बाहेरून आलेले नाहीत.

काही राहिलेले नाही, हे तिचे म्हणणे बरोबर होते. सगळे लिहिलेले होते. पण लिहिलेले चुकीचे वाचले जाणार होते, आणि ते चुकीचे वाचणे तिच्या अर्जातल्या सगळ्यांत वजनदार कामाच्या बाबतीत होणार होते.

दुपारी २:१५

आठवीला इतिहास. धडा राज्यांच्या पुनर्रचनेचा नाही, पण माझ्या मनात तोच विषय चालू आहे.

आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, नंतर हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये भाषेप्रमाणे आखली गेली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. जैनथ, बेला, तामसी या भागांतली कितीतरी मराठी घरे रेषेच्या अलीकडे राहिली. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. नात्यागोत्याचे सगळे व्यवहार तिकडे चालतात, सातबाराच्या जागी असलेले पट्टादार पासबुक मात्र इकडचे.

त्यामुळे साठीच्या एखाद्या शेतकऱ्याने शाळेत मराठी वाचायला शिकलेले असते, बाजारात तो तेलुगू आणि हिंदी बोलतो, पण तेलुगू अक्षर त्याला वाचता येत नाही. जमिनीची नोंद मात्र तेलुगूत येते. २०२० पासून जमिनीच्या नोंदी धरणी पोर्टलवर गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती आली. प्रत्येक बदलात नावे, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे पुन्हा तपासून घ्यावे लागतात. आधारवर नाव एक आणि पासबुकात थोडे वेगळे असले तरी रयतू भरोसाचे किंवा पीककर्जाचे पैसे अडकू शकतात. यंदा तर कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. ही मुलगी जे वाचून दाखवते ते हेच.

हे सगळे चौकटीत लिहायचे नाही. यातले वाचणाऱ्याचा गैरसमज दूर करण्यापुरते, दोन-तीन वाक्यांइतकेच तिथे जायला हवे. बाकीचे मला माहीत असावे, म्हणजे कोणती तीन वाक्ये ते ठरवता येईल.

दुपारी ४:४५

शाळा सुटली आणि ती आदिलाबादहून आली. वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि मुली-बायकांना महालक्ष्मी योजनेत बस मोफत आहे. तिच्या दप्तरात ती वही होती जिच्यात कोणाचा कोणता कागद वाचला ते ती लिहून ठेवते.

सरांचा प्रश्न सांगितल्यावर ती हसली. “मॅडम, हे कोणाला सांगायचं असतं का? हे तर इथं असंच आहे.” जे इथे असेच आहे, तेच बाहेरच्याला सांगावे लागते.

मग तिने विचारले, हे ‘चॅलेंजेस अँड सर्कमस्टान्सेस’ या दुसऱ्या चौकटीत घालायचे का? ती चौकटही ऐच्छिक आहे, २५० शब्दांची. घरावर आलेले संकट, आजारपण, घरची जबाबदारी यामुळे अभ्यासावर झालेला परिणाम सांगण्यासाठी ती आहे. मी विचारले, या कामामुळे तुझे शिक्षण अडले का? “नाही.” तुला हे संकट वाटते का? “नाही, मला आवडतं.” मग ते संकटाच्या चौकटीत घालणे खोटे ठरेल. गावातल्या लोकांवर दया यावी अशी मांडणी करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. ती माणसे अडाणी नाहीत, त्यांना वेगळी लिपी येते.

पुढचा प्रश्न असा होता की हे शाळेच्या बाजूने सांगता येईल का. अर्जाबरोबर कॉलेजकडून स्कूल रिपोर्ट जातो. इंटर बोर्डाची पद्धत, ४७० गुणांचा हिशेब, दहावीपर्यंतचे मराठी माध्यम आणि नंतरचे इंग्रजी, कॉलेजात क्लब नसणे, हे सगळे तिच्या प्राचार्यांनी त्यात लिहिले आहे. मी पाहिले, ते गेलेले आहे. म्हणून तिने त्यातला एकही शब्द इथे खर्च करायचा नाही. दुसऱ्याने सांगितलेले आपण पुन्हा सांगितले की जागा जाते आणि वजनही जाते.

उरले ते एवढेच : हे काम कोणासाठी, का लागते, ती नेमके काय करते आणि काय करत नाही.

संध्याकाळी ६:१५

तिने मसुदा लिहिला, इंग्रजीत, २८० शब्द. आम्ही एकेक वाक्य धरून विचारले : हे काढले तर वाचणारा काही चुकीचे समजेल का? नसेल समजणार, तर वाक्य जाईल.

सुरुवातीला “लहानपणापासून मला भाषांची ओढ होती” असे होते. ते गेले, कारण त्याच गैरसमजाला ते खतपाणी घालत होते. “शेकडो शेतकऱ्यांना मदत केली” असे होते. वही उघडली. यंदाच्या पानांवर साठेक कागदांच्या नोंदी निघाल्या, आणि घरे त्याहून कमी, कारण काही घरांचे दोन-तीन कागद होते. तिथे “या वर्षी सुमारे साठ कागद” असे आले. यादीत आठवड्याला ४ तास लिहिले होते, मसुद्यात “रोज संध्याकाळी” होते. दोन्ही एकाच अर्जात गेले असते तर वाचणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? तिने पुन्हा विचार केला आणि खरे ते ठेवले : रविवारी सकाळी, चार तास. एका शेजाऱ्याचे नाव आणि त्याच्या कर्जाचा आकडाही मजकुरात होता. दोन्ही काढले. ते त्या माणसाचे खासगी आहे आणि आकड्याशिवायही काम समजते.

शेवटी “भाषा हा माणसांना जोडणारा पूल आहे हे मी शिकले” असे वाक्य होते. ते काढताना तिला वाईट वाटले. मी म्हटले, त्या वाक्यात तुझे काही नाही, ते कोणीही लिहू शकते. तू काय करतेस ते वाचून तो स्वतः काय ते ठरवेल.

मग मी विचारले, एखादी नोंद चुकलेली दिसली तर तू काय करतेस? ती म्हणाली, “मी फक्त काय लिहिलंय ते सांगते. काय करायचं ते सांगत नाही. ते मला कळत नाही, आणि चुकीचं सांगितलं तर त्यांचं नुकसान होईल. तहसीलमध्ये कोणत्या टेबलावर जायचं ते कागदावर लिहून देते.” हे कोणत्याही मसुद्यात नव्हते. अख्ख्या मजकुरातले हेच वाक्य तिच्याशिवाय दुसरे कोणी लिहू शकले नसते. ते आत घेतले.

राहिलेला मजकूर मराठीत सांगायचा तर असा :

आमचे गाव पैनगंगेच्या तेलंगणाकडच्या बाजूला आहे. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्ये झाली तेव्हा आमचा भाग तेलुगू राज्यात राहिला, पण गावातली बरीच घरे मराठी आहेत. माझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या वयाच्या माणसांना मराठी वाचता येते, तेलुगू फक्त बोलता येते. जमिनीचे, कर्जाचे आणि कापूस विक्रीचे कागद तेलुगूत येतात. मी शाळेत दोन्ही लिप्या शिकले. नववीपासून दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर मी हे कागद वाचून दाखवते, या वर्षी सुमारे साठ. कागदात काय आहे ते मी सांगते. काय करावे ते सांगत नाही, कारण चुकीच्या सल्ल्याची किंमत त्यांना मोजावी लागेल. नोंद जुळत नसेल तर कोणत्या कार्यालयात कोणाकडे जायचे ते मराठीत लिहून देते.

इंग्रजीत हे १२० शब्दांच्या आसपास भरले. मर्यादा ३०० ची आहे, म्हणून ३०० भरायचे नसतात.

संध्याकाळी ७:३०

तिचे वडील तिला न्यायला आले. दिवसभर कापसाच्या वेचणीवर होते. बसल्याबसल्या त्यांनी सरळ विचारले, “मॅडम, ते खानं रिकामं ठेवलं असतं तं पोरीचा नंबर गेला असता का?”

मी म्हटले, “नाही भाऊ. रिकाम्यामुळे कोणाचा नंबर जात नाही. हे लिहिल्यामुळे लागेलच असेही नाही. पण ती रविवारी काय करते ते त्या लोकांना आता नीट कळेल.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मले तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. हे तिनं लिवलं का त्यात?” तिने मान हलवली. “लिव. खरं आहे ते.” वडिलांच्या परवानगीशिवाय ते वाक्य पाठवायचे नाही असे आम्ही ठरवलेच होते. आता ती मिळाली.

रात्री ९:००

गणिताच्या सरांना नवा मजकूर दाखवला. त्यांना पुन्हा तोच प्रश्न : ही मुलगी काय करते, कोणासाठी? त्यांनी बरोबर सांगितले, आणि वर विचारले की जुन्या कागदांतली उर्दूही तिला वाचता येते का. निजामाच्या काळच्या दस्तांसाठी हा प्रश्न योग्यच आहे. तिला ती येत नाही आणि अर्जात तसा दावाही नाही. वाचणारा असे पुढचे प्रश्न विचारू लागला की समजावे, आधीचा गैरसमज संपला.

मजकूर चौकटीत टाकला. तिथे ठळक अक्षरे, रकाने असले काही टिकत नाही, साधा मजकूरच राहतो. सही करण्याआधी कॉमन ॲप पूर्ण अर्जाची पीडीएफ दाखवते. ती शेवटपर्यंत वाचली : शेवटचे वाक्य तुटले नाही ना, उपक्रमाच्या यादीतले ४ तास आणि इथले चार तास एकच आहेत ना, नववी म्हटले ते दोन्हीकडे नववीच आहे ना. एका कॉलेजला अर्ज गेला की त्या कॉलेजसाठी तो बदलता येत नाही. दुसऱ्याला पाठवण्याआधी मात्र बदल करता येतो, म्हणून पहिला अर्ज पाठवण्याआधी सर्वांत जास्त वेळ घेतला.

दहाच्या आधी पहिला अर्ज गेला. बाकीचे त्यामागोमाग गेले.

रात्री १०:३०

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलामुलींसाठी एवढे लिहून ठेवते.

तुमच्या अर्जात खरेच खंड असेल, गुण घसरले असतील, तर ऐच्छिक जागेत ते थोडक्यात सांगा. काहीच राहिलेले नसेल तर काय राहिले ते शोधत बसू नका. तुमचा अर्ज तुमच्या गावाशी, घराशी ज्याचा संबंध नाही अशा एका माणसाला द्या आणि त्याला काय समजले ते विचारा. त्याला सगळे बरोबर समजले तर चौकट कोरी ठेवा आणि निश्चिंत झोपा. एखाद्या ठिकाणी तो चुकला, आणि ते ठिकाण तुमच्या कामाचे, तुमच्या वेळेचे असेल, तर तेवढेच आणि तुम्हालाच माहीत असलेले लिहा. सीमाभागातल्या मराठी मुलांच्या बाबतीत असे ठिकाण हमखास निघते. घरची भाषा आणि सरकारी कागदाची भाषा वेगळी असणे आपल्याला सांगण्याजोगे वाटत नाही, पण बाहेरच्या वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. ते त्याला दोन-तीन वाक्यांत सांगा.